दुसरा रस्ता किती लांब?

क्वोरिडॉरचा पट पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा तर पोरखेळ आहे. नऊ बाय नऊ घरं, प्रत्येकाकडे एक सोंगटी आणि दहा भिंती. आपली सोंगटी समोरच्याच्या पहिल्या ओळीत आधी पोचवायची. पाळी आली की दोनपैकी एकच गोष्ट करायची: सोंगटी एक घर हलवायची किंवा घरांमधल्या खाचेत एक भिंत उभी करायची. भिंत दोन घरांच्या रुंदीची असते. एकदा रोवली की डाव संपेपर्यंत ती तिथून हलत नाही. भिंतीला भिंत टेकलेली चालते, पण एकीने दुसरीला छेदायचं नाही आणि एकीवर दुसरी चढवायची नाही. शिवाय एक अट, जिच्यावर सगळा खेळ उभा आहे: समोरच्याची वाट पूर्ण बंद करायची नाही. कितीही वेडीवाकडी असो, एक तरी वाट शिल्लक ठेवावीच लागते.

मिर्को मार्केझी यांचा हा खेळ जिगामिक या फ्रेंच कंपनीने १९९७ साली बाजारात आणला. भिंती उभारून वाट अडवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. फिलिप स्लेटर यांचा ‘ब्लॉकेड’ १९७५चा. त्यात पट मोठा आणि प्रत्येकी दोन सोंगट्या. मला मात्र क्वोरिडॉरचा काटकपणाच आवडतो. सोंगटी एकच, त्यामुळे लक्ष फाटत नाही, आणि भिंती दहाच, त्यामुळे प्रत्येक भिंत रोवताना हात थोडा जड होतो.

आमच्याकडे हा खेळ मामामुळे आला. मामा साताऱ्याला असतो आणि तो या पटाशी हिशेबाच्या वहीसारखा वागतो. बाजूला आलेखाचा कागद, त्यावर नऊ बाय नऊचा चौकोन आणि कानाला शिसपेन्सिल. भिंत पडली की तो कागदावर रेघ मारतो आणि मग शेवटच्या ओळीपासून उलटा आकडे टाकत येतो. जिथे पोचायचं त्या ओळीतल्या नऊही घरांत शून्य. त्यांना लागून असलेल्या, मधे भिंत नसलेल्या घरांत एक. त्यांच्या शेजाऱ्यांत दोन. असं करत सोंगटीच्या घरात जो आकडा येईल, तेवढी तिची वाट लांब. कॉम्प्युटरही ही वाट नेमकी अशीच मोजतो. ८१ घरांचंच काम, त्यामुळे मिनिटभर पुरतं. थोड्या डावांनंतर कागदाची गरज संपते, आकडे डोळ्यांनाच दिसायला लागतात. मामा तरी कागद सोडत नाही. “डोळे लाड करतात गं, पेन्सिल करत नाही,” हे त्याचं म्हणणं.

पुढचं समजायला घरांची नावं लागतील, म्हणून बुद्धिबळाचीच पद्धत घेते. उभ्या ओळी डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आय. आडव्या ओळी खालून १ ते ९. मामाची सोंगटी ई१वर आणि तिला नवव्या ओळीत जायचंय. माझी ई९वर आणि मला पहिल्या ओळीत उतरायचंय. दोघांचीही वाट आठ घरांची. पहिली पाळी मामाची.

आता आधी भिंतीचा भाव ठरवू. भिंत घातली म्हणजे मी त्या पाळीला चालले नाही, एक पाऊल गमावलं. म्हणून समोरच्याची वाट जिने एकाने वाढते, ती भिंत आणि माझं एक पाऊल यांचा हिशेब सारखाच. दोन्हींनी आमच्यातला फरक एकाने बदलतो. दोनाने वाढली तर माझा एकाचा नफा. काहीच वाढली नाही तर मी पाळी फुकट घालवली, निदान कागदावर तरी.

नवखा खेळाडू काय करतो? सोंगटीच्या नाकासमोर आडवी भिंत घालतो. समजा मामा ई६वर आहे आणि मी ई, एफ या दोन घरांच्या डोक्यावर, म्हणजे सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मधे, भिंत घातली. तो एक घर डावीकडे सरकला की डीमधून वर मोकळा. वाढ एक. मग मी सी-डीवरही घातली. तो आता उजवीकडे जीपर्यंत जाणार, दोन घरं बाजूला. तो जागचा हलला नाही असं धरलं तर एकूण वाढ दोन. तिसरी जी-एचवर: आता डावीकडे बीपर्यंत तीन घरं. चौथी ए-बीवर: आता एकटा आय उघडा, ईपासून चार घरं. चार भिंती, चारची वाढ. म्हणजे भिंतीला एक, पावलाच्याच भावात. दहातल्या चार भिंती गेल्या आणि पदरात काय, तर चार पावलं टाकून जे मिळालं असतं तेच. वर हा हिशेब मामा खांबासारखा उभा आहे असं धरून केलेला. प्रत्यक्षात तो या चार पाळ्यांत चालत असणार, आणि मी कुठे अडवतेय हे पाहून बाजू निवडत असणार.

मग एका भिंतीत चार-पाच घरांची वाढ मिळवणारे लोक काय वेगळं करतात? ते सांगायच्या आधी पटाच्या मधोमध काय होतं ते सांगायला हवं, कारण भिंती पडायला सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

दोघंही सरळ चालत राहिलो तर तीन-तीन पावलांनंतर मामा ई४वर आणि मी ई६वर असतो. मधे एक घर रिकामं. पाळी मामाची आणि दोघांचीही वाट पाचची. सारखी वाट आणि पाळी त्याची, म्हणजे नुसत्या शर्यतीत तोच जिंकायला हवा. पण दोन सोंगट्या समोरासमोर लागून आल्या की ज्याची पाळी असेल तो दुसऱ्यावरून उडी मारून पलीकडच्या घरात जाऊ शकतो. मामा ई५वर आला की मी त्याच्यावरून ई४वर उडी मारणार. एका पाळीत दोन घरं. त्याचे चार उरतात आणि माझे तीन, पाळी त्याची. तो तीनवर, मी दोनवर; तो दोनवर, मी एकवर; तो एकवर आणि मी पोचलेली. म्हणजे मधल्या घरात जो आधी पाय ठेवतो तो मरतो. बुद्धिबळात राजे समोरासमोर ठाकतात तशीच ही गोष्ट, फक्त इथे पाळी ढकलायला दोघांकडे दहा-दहा भिंती आहेत.

मामा त्या क्षणी भिंत काढतो. पण कुठे घालतो ते बघण्यासारखं आहे. आमच्या दोघांच्या मधे घातली तर माझी वाट वाढते तशी त्याचीही, कारण दोघांनाही त्याच खिंडीतून जायचंय. फरक जागच्या जागी. म्हणून तो भिंत स्वतःच्या पाठीशी घालतो, ई आणि एफच्या पायाशी, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे. ती जागा तो ओलांडून आलाय, त्याला तिचं सोयरसुतक नाही. मला मात्र तिथूनच खाली उतरायचं होतं. माझी वाट पाचाची सहा झाली आणि मधल्या घरात पाय ठेवायची पाळी आता माझी. मी काय करणार? मीही माझ्या पाठीशी, ई-एफच्या डोक्यावर, सहाव्या-सातव्या ओळीच्या मधे भिंत घातली. त्याचीही वाट सहा. पुन्हा पाळी त्याच्यावर. येरे माझ्या मागल्या.

या ढकलाढकलीत जी भिंत पडते ती एकाच भावाची असते, पण ती आयुष्यभर तिथे राहते आणि पुढच्या भिंतींना खांदा देते. ई-एफवरची ती भिंत पुढे कशी कामाला आली ते आता सांगते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच जागेबद्दल.

पुढच्या काही खेळ्यांत मी मधली ओळ सोडून बाजूने खाली उतरले. सी-डीच्या डोक्यावर आणखी एक भिंत माझी पडली आणि मामा वर चढत ई६वर येऊन थांबला. त्याच्या डोक्यावर आता सीपासून एफपर्यंत सलग भिंत आहे. डावीकडे ए-बी उघडे, उजवीकडे जी-एच-आय उघडे. डावी वाट मोजू: बीपर्यंत तीन घरं, मग वर तीन, एकूण सहा. उजवी: जीपर्यंत दोन, वर तीन, एकूण पाच. पाच सहापेक्षा कमी म्हणून तो उजवीकडे वळला. एफ६वर आला, त्याचे राहिले चार. माझे सहा होते.

मी जी-एचच्या डोक्यावर भिंत घातली. आता उजवीकडे फक्त आयची फट: तीन घरं बाजूला, तीन वर, सहा. डावीकडे बीपर्यंत चार आणि वर तीन, सात. त्याच्या चाराचे सहा झाले, म्हणजे दोनची वाढ, बरी भिंत. तरीही उजवी वाट डावीपेक्षा एकाने कमीच आहे, म्हणून तो उजवीकडेच चालणार. आणि मला नेमकं तेच हवंय.

कारण आयकडे जाणारा हा बोळ एका भिंतीने तोडता येतो. एच आणि आयच्या मधे उभी भिंत, पाचव्या आणि सहाव्या ओळीला. मग एच६वरून आय६वर जाता येत नाही, खाली एच४पर्यंत उतरून आय४वर जायचं आणि तिथून परत सगळं वर चढायचं. ही भिंत मी कधी घालावी, एवढाच प्रश्न.

मामा ई६वरच असता आणि मी ती तेव्हाच घातली असती तर? डावी वाट सहाची होती आणि जी-एचवरच्या भिंतीमुळे उजवी सातची. उजवी कितीही लांबली तरी तो डावीकडून सहांत जाणार. वाढ शून्य. तो एफ६वर असताना घातली तर? उजवी सहाची दहा होते, पण डावी सातची आहे, तो तिकडे वळेल. वाढ एक. जी६वर? उजवीचे पाच उरले होते, त्याचे नऊ झाले; डावीकडे वळला तर आठ. वाढ तीन. एच६वर? उजवीचे चार उरले होते. आता डावीकडे परत फिरला तर नऊ, आणि खालून वळसा घेतला तर आठ. आठ घेईल. वाढ चार. आणि आय६वर पोचल्यावर घातली तर? तो फटीखालीच उभा आहे, तीन पावलांत वर. वाढ शून्य.

तीच भिंत, तीच जागा, आणि भाव शून्य, एक, तीन, चार, पुन्हा शून्य. भिंतीत काहीच बदललं नाही. बदललं ते एवढंच, की मामा त्या वाटेने जितका पुढे गेला तितकी दुसरी वाट त्याच्यापासून लांब गेली. भिंत समोरच्याला फार तर त्याच्या दुसऱ्या वाटेवर ढकलते, त्याहून जास्त तिच्या हातात काही नाही. म्हणून भिंतीचा भाव म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वाटेतला फरक. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट बंद असल्याचं स्वारगेटलाच कळलं तर फार बिघडत नाही; घाटाच्या पायथ्याशी कळलं की खरा खोळंबा होतो.

मी प्रत्यक्षात काय केलं? तो एफ६वर आणि त्याचे सहा, माझेही सहा, पाळी त्याची. तो जी६वर आला, त्याचे पाच. इथे तीनची वाढ समोर वाढून ठेवलेली होती. मी घेतली नाही, एक पाऊल चालले, माझे पाच. तो एच६वर आला, त्याचे चार. मग मी भिंत घातली. त्याचे आठ, माझे पाच. जी६वरच घातली असती तरी त्याचे आठच झाले असते, पण माझे सहा राहिले असते. थांबल्याने एक पाऊल कमावलं. भिंत घातलीच नसती तर त्याचे चार, माझे पाच आणि पाळी माझी. एका पावलाने तोच आधी पोचला असता.

एक बारीक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ती उभी भिंत पाचव्या-सहाव्या ओळीला घातली म्हणून आठ झाले. हीच भिंत एक घर वर, सहाव्या-सातव्या ओळीला घातली असती तरी एच६ ते आय६ बंदच झालं असतं, पण मग तो एका घराने खाली उतरून एच५वरून आय५वर गेला असता आणि एकूण सहांत पोचला असता. एका घराच्या सरकण्याने चारची वाढ दोनवर आली. वाट अडवणाऱ्या भिंतीचं जे टोक वळसा घ्यायला लावतं, ते समोरच्याच्या मुक्कामापासून जितकं दूर तितकं बरं. खाली उतरलेलं प्रत्येक घर त्याला दोनदा मोजावं लागतं, एकदा उतरताना आणि एकदा चढताना.

मामाने हे पाहिलं नव्हतं असं नाही. तो जी६वर असतानाच पेन्सिल थांबवून म्हणाला, “एक जागा मी बुजवीन, पण तुझ्याकडे दोन आहेत.” खरं होतं. एच-आयच्या मधली माझी जागा त्याला निकामी करता आली असती. एच-आयच्या पायाशी, पाचव्या-सहाव्या ओळीमधे, स्वतःच आडवी भिंत घातली की माझी उभी भिंत तिला छेदते, म्हणून ती घालता येत नाही. पण मग मी तीच उभी भिंत एक घर वर घातली असती, सहाव्या-सातव्या ओळीला, आणि त्याच्या स्वतःच्याच आडव्या भिंतीमुळे खालून यायचीही सोय उरली नसती. उजवी बाजू अख्खी बंद, आणि जी६वरून डावीकडे आठ. आगीतून फुफाट्यात.

आता तो आधीच डावीकडे गेला असता तर, हा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण तिथे बचावाची सगळ्यात देखणी खेळी आहे.

ई६वरून डावीकडे सहा होते. डी६वर पाच, सी६वर चार, बी६वर तीन. डावीकडची फट ए आणि बी अशी बरोबर दोन घरांची, म्हणजे एका भिंतीच्या मापाची. बी६वर पोचल्यावर मी ए-बीच्या डोक्यावर भिंत घातली तर डावी बाजू पूर्ण बंद. उजवीकडे जीपर्यंत पाच आणि वर तीन, आठ. तीनाचे आठ. एका भिंतीत पाचची वाढ! दोन घरांची फट दिसली की समोरच्याने हुरळून जाऊ नये, ती मापात शिवलेली असते.

पण मामा डी६वर असताना त्याच्या हातात एक खेळी होती: ए आणि बीच्या मधे उभी भिंत, सहाव्या-सातव्या ओळीला. त्याला बीमधून वर जायचंय, त्या वाटेला या भिंतीचा धक्काही लागत नाही. पाचाचे पाचच. नवख्याला वाटेल, बाबाने भिंत वाया घालवली. पण आता ए-बीवरची माझी आडवी भिंत तिला मधोमध छेदते, म्हणून ती घालता येत नाही. बी-सीवर घालावी तर सीवर आधीच माझी भिंत आहे, एकीवर दुसरी चढते, तेही चालत नाही. म्हणजे बी६ आणि बी७ यांच्यामधलं दार आता कोणीच, कधीच बंद करू शकत नाही. त्याने ते खिळा ठोकून उघडं ठेवलं. बी६वर पोचला की मी फार तर बी-सीवर आणखी वर, सातव्या-आठव्या ओळीच्या मधे भिंत घालू शकते. मग तो बी७वरून डीकडे दोन घरं सरकून वर जातो. पाचच्या जागी दोनची वाढ.

हा खिळा चालतो तो एका साध्या हिशेबावर. आडव्या भिंतीच्या जागा ६४, उभ्या भिंतीच्या ६४, एकूण १२८. मधे कुठेही एक भिंत रोवली की चार जागा खर्ची पडतात: तिची स्वतःची, तिला छेदणारी एक, आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर अर्धी चढणाऱ्या दोन. आपण भिंत घालताना ती काय अडवते एवढंच बघतो. ती पुढच्या कोणत्या तीन भिंतींना मज्जाव करते हे बघायला लागलं की खेळ बदलतो. एकाच घराची फट राहिली आणि दोन्हीकडे त्याच ओळीत भिंती असल्या, तर ती फट आडव्या भिंतीने कधीच बुजत नाही, कारण अर्धी भिंत या खेळात नाही. दार उघडं राहतं, पण दारापर्यंतची वाट अजून वाकडी करता येते, हेही विसरू नये. मामा डी६वर दार ठोकून सी६वर गेला असता तरी मी बी आणि सीच्या मधे, पाचव्या-सहाव्या ओळीला उभी भिंत घातली असती. मग दारासाठी खाली उतरून आठ किंवा उजवीकडे सात. चाराचे सात झाले असते. खिळ्याने पाचचं नुकसान वाचतं, तीनचं वाचत नाही.

वाट पूर्ण बंद करायची नाही, हा नियमही ढालीसारखा वापरता येतो. ज्याच्याकडे दोन वाटा आहेत त्याची एक वाट बंद करता येते. ज्याच्याकडे एकच आहे त्याची बंद करताच येत नाही. त्यामुळे कधीकधी अनुभवी माणूस स्वतःची दुसरी वाट स्वतःच्या हाताने बुजवतो. समोरच्याने मोठ्या मेहनतीने रचलेला सापळा त्या क्षणी नियमाबाहेर जातो, कारण त्याची शेवटची भिंत आता शेवटची वाट बंद करणारी ठरते. हे करताना एकच गोष्ट बघायची: उरलेली एकुलती वाट बंद करता येत नसली तरी लांब करता येते का? येत असेल तर आपण आपलाच पाय कापला. वरच्या उदाहरणात जी६वर उभ्या मामाने ए-बीचं दार बुजवलं असतं तर हेच झालं असतं. आयकडची वाट बंद करायला मला मनाई, पण खालून वळसा घालायला लावायला नाही. त्याचे आठऐवजी नऊ झाले असते.

माझ्या भाच्याने कॉम्प्युटरवर हा खेळ खेळणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. दर पाळीला सगळ्या शक्य खेळ्या तपासायच्या आणि ‘त्याची वाट वजा माझी वाट’ जिच्याने सर्वांत जास्त होईल ती खेळायची. पहिल्याच पाळीला १२८ भिंती आणि सोंगटीच्या तीन चाली, अशा १३१ खेळ्या. मोजणी अचूक, पण खेळ भाबडा. एफ६वर उभ्या सोंगटीसमोर त्याला ती उभी भिंत आणि एक पाऊल सारखंच दिसतं, दोन्हींनी फरक एकाने सुधारतो. दोन पाळ्या थांबल्यावर तीच भिंत चारची होईल हे त्याला दिसत नाही, आणि दार ठोकून ठेवणारी शून्याची भिंत तर तो कधीच घालणार नाही. पुढचं बघायला शिकवावं तर, दर पाळीला १३१च धरल्या तरी, दोन खेळ्यांत सतरा हजारांवर शक्यता, चार खेळ्यांत २९ कोटींच्या घरात. भिंती पडतील तशा त्या कमी होतात, पण पोराच्या लॅपटॉपला घाम फोडायला तेवढ्या पुरतात. मी त्याला सुचवलं की फक्त सर्वांत लहान वाट मोजू नको, ती बुजली तर पुढची किती लांब आहे तेही मोज. त्याने ते घातलं. प्रोग्रॅम मामाला हरवण्याइतका हुशार झाला नाही, पण दोन घरांच्या फटीत धावत जाण्याचं खूळ त्याने सोडलं.

भिंती संपल्या की मात्र हे सगळं शहाणपण गुंडाळून ठेवायचं. दोघांच्याही हातात काही उरलं नाही की नुसती मोजणी: पाळी माझी आणि माझी वाट त्याच्याइतकी किंवा कमी असेल तर मी जिंकले, उडीची शक्यता नसेल तर. म्हणून मामा शेवटच्या दोन भिंती कधी सोडत नाही. त्याच्याकडे दोन आणि माझ्याकडे शून्य असेल, तर मी तीन पावलांनी पुढे असूनही मला झोप लागत नाही. माझ्यासमोर दोन वाटा आहेत आणि त्यांच्यात किती फरक आहे हे त्याला माझ्याइतकंच माहीत असतं. उलट मी बोळाच्या तोंडाशी अशी उभी असेन की पुढे एकच वाट आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना भिंती टेकलेल्या आहेत, तर त्याच्या दोन भिंती हातातच राहतात.

चौघांचा डाव मात्र मी शक्यतो टाळते. त्यात प्रत्येकाला पाचच भिंती, आणि मी एकाला अडवायला भिंत खर्च केली की बाकीचे दोघं हात न हलवता माझ्यापुढे जातात. साहजिकच प्रत्येक जण दुसऱ्याने भिंत घालायची वाट बघत राहतो. गेल्या दिवाळीत आम्ही चौघं बसलो तेव्हा मामाने चार रंगांच्या पेन्सिली आणल्या होत्या. दोन पाळ्यांनंतर त्याचा कागद वाचता येईना, आणि डाव माझ्या मामीने जिंकला. तिने एकही भिंत घातली नव्हती.